गुण सारखे, मग वर कोण? लीग फुटबॉलमधली बरोबरी सोडवायची कशी

१७ जून २००७ च्या रात्री स्पेनच्या ला लीगाचा मोसम संपला, तेव्हा रेआल माद्रिद आणि बार्सिलोना या दोघांच्याही खात्यात ७६ गुण होते. बार्सिलोनाने मोसमभरात ७८ गोल केले होते आणि ३३ खाल्ले होते. माद्रिदने ६६ केले होते, ४० खाल्ले होते. करंडक उचलला तो माद्रिदने. हाच तक्ता इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा असता तर विजेता बार्सिलोना ठरला असता, आणि त्यावर कुणी वादही घातला नसता.

क्रिकेटमुळे आपल्याला नेट रनरेट अंगवळणी पडलेला आहे. त्यामुळे गोलफरक म्हटलं की लगेच कळतं. आपसातल्या सामन्यांचा, म्हणजे हेड टू हेडचा नियम मात्र बहुतेकांना ऐन शेवटच्या दिवशी, तोही समालोचकाच्या तोंडून कळतो. तोवर आपण चुकीच्या संघासाठी देव पाण्यात घालून बसलेलो असतो. हा हिशेब स्वतः मांडता यावा म्हणून तो पायरीपायरीने बघू.

आधी नियम बघा, मग तक्ता

बरोबरी सोडवण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत सगळ्या मोसमाचा गोलफरक आधी बघतात. तोही सारखा असला तर कुणी जास्त गोल केले ते बघतात. इंग्लंडची प्रीमियर लीग आणि जर्मनीची बुंडेसलिगा या पद्धतीने चालतात. दुसरीत, ज्यांचे गुण सारखे आहेत त्यांच्या आपसातल्या सामन्यांत कोण सरस होतं ते आधी बघतात, आणि तिथे निकाल लागला नाही तरच गोलफरकाकडे वळतात. स्पेन आणि इटली या गोटातले. आपल्याकडे २०२०-२१ च्या आय-लीगमध्ये गोकुलम केरळ आणि गोव्याचा चर्चिल ब्रदर्स दोघेही २९ गुणांवर थांबले होते, आणि विजेतेपद आपसातल्या कामगिरीवर गोकुलमला मिळालं.

दोन्ही पद्धतींमागे आपापला विचार आहे. गोलफरकवाले म्हणतात, लीग म्हणजे मोसमभराची कमाई. मग निकालही सगळ्या सामन्यांवरच लागावा. हेड टू हेडवाल्यांचं म्हणणं असं की तळाच्या संघाला आठ गोल ठोकून वर जाण्यापेक्षा शेजारच्या स्पर्धकाला हरवून वर गेलेलं बरं. मला स्वतःला पहिली पद्धत जास्त रास्त वाटते. पण शेवटच्या दिवसाचा हिशेब आपल्या पसंतीवर चालत नाही.

गेल्या वर्षीचा नियम यंदाही असेलच, हे मात्र धरून चालू नका. चॅम्पियन्स लीगच्या गटांत २०२३-२४ पर्यंत हेड टू हेड आधी होतं. २०२४-२५ पासून गट गेले आणि ३६ संघांचा एकच तक्ता आला. त्यात प्रत्येक संघ फक्त आठ सामने खेळतो, म्हणजे बरेच संघ एकमेकांसमोर येतच नाहीत. जे भेटलेच नाहीत त्यांचं हेड टू हेड काढणार कसं? म्हणून तिथे आता गोलफरक पहिला. कुठल्याही नव्या स्पर्धेत हा प्रश्न आधी विचारावा: सगळे सगळ्यांशी खेळतात का? नसतील, तर हेड टू हेड असण्याची शक्यता फारच कमी.

गोलफरकाचा हिशेब

केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करायचे, झालं. खरी गंमत असते ती दोन दावेदार शेवटच्या दिवशी समोरासमोर आले की.

२६ मे १९८९. इंग्लंडच्या तेव्हाच्या फर्स्ट डिव्हिजनचा शेवटचा सामना, लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर. लिव्हरपूलचे ७६ गुण, आर्सेनलचे ७३. जिंकल्याशिवाय आर्सेनलला गत्यंतर नव्हतं, पण नुसतं जिंकूनही भागणार नव्हतं. सामन्याआधी लिव्हरपूलचा गोलफरक अधिक ३९ होता, आर्सेनलचा अधिक ३५. चार गोलांची तफावत.

इथे नवखा माणूस म्हणेल, मग आर्सेनलला चार गोलांनी जिंकायला हवं. तसं नाही. आर्सेनलने केलेला प्रत्येक गोल त्यांचा फरक एकाने वाढवतो आणि त्याच वेळी लिव्हरपूलचा एकाने घटवतो. त्यामुळे एका गोलाने तफावत दोनाने कमी होते. दोन गोलांनी जिंकलं की दोघेही अधिक ३७ वर येणार, आणि तिथे पुढची कसोटी लागणार: एकूण गोल. त्यात आर्सेनल आधीच पुढे होता. मायकल थॉमसने अगदी अखेरच्या क्षणी दुसरा गोल केला, सामना २-० सुटला आणि अंतिम आकडे असे पडले: आर्सेनल ७३ केले, ३६ खाल्ले, लिव्हरपूल ६५ केले, २८ खाल्ले. दोघांचा फरक ३७, विजेता आर्सेनल.

तेव्हा सूत्र एवढंच: दावेदार एकमेकांशी खेळणार असतील तर तफावत निम्मी करा, वेगवेगळ्या संघांशी खेळणार असतील तर दोन्ही निकाल स्वतंत्रपणे मिळवा किंवा वजा करा.

जाता जाता एक. इंग्लंडमध्ये १९७५-७६ पर्यंत गोलफरक नव्हता, गोल सरासरी होती. केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. वरचेच आकडे त्या जुन्या पद्धतीने काढून बघा: आर्सेनलचे ७३ भागिले ३६ म्हणजे सुमारे २.०३, आणि लिव्हरपूलचे ६५ भागिले २८ म्हणजे सुमारे २.३२. करंडक लिव्हरपूलचा! भागाकारात बचाव करणाऱ्याचं पारडं जड होतं, वजाबाकीत गोल करणं आणि गोल वाचवणं सारख्याच मोलाचं.

प्रीमियर लीगमध्ये २०११-१२ साली मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड दोघेही ८९ गुणांवर थांबले. सिटीचा फरक अधिक ६४, युनायटेडचा अधिक ५६. अग्वेरोचा शेवटच्या मिनिटांतला गोल सगळ्यांना आठवतो, पण त्या गोलाने दिले ते गुण. गोलफरकाची आघाडी सिटीने आधीच कमावली होती, आणि तिच्यात युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर ६-१ हरवल्याचा वाटा मोठा. तो एक सामना सोडला तर सिटीचा फरक ५९ आणि युनायटेडचा ६१ भरतो.

दोघांतलं हेड टू हेड

आता परत २००७ च्या स्पेनकडे. दोन संघ, दोन सामने, एक घरचा आणि एक बाहेरचा. कागदावर फक्त हे दोनच लिहा, बाकीचे ३६ विसरा.

| सामना | निकाल | माद्रिदचे गुण | बार्सिलोनाचे गुण |
|---|---|---|---|
| माद्रिदमध्ये, ऑक्टोबर २००६ | माद्रिद २, बार्सिलोना ० | ३ | ० |
| बार्सिलोनात, मार्च २००७ | बार्सिलोना ३, माद्रिद ३ | १ | १ |
| एकूण | | ४ | १ |

चार विरुद्ध एक. इथेच निकाल लागला. बार्सिलोनाचा अधिक ४५ चा गोलफरक कपाटात राहिला. शेवटच्या दिवशी त्यांनी तारागोनात ५-१ असा विजय मिळवला; तिथे दहा गोल केले असते तरी उपयोग नव्हता. माद्रिदने मायोर्काला ३-१ हरवलं की विषय संपला.

आपसातल्या सामन्यांत गुणही सारखे झाले, समजा एकाने पहिला २-१ जिंकला आणि दुसरा ०-३ गमावला, तर त्याच दोन सामन्यांचा गोलफरक काढायचा. दोघांचे तीन-तीन गुण. गोल एकाचे २ आणि दुसऱ्याचे ४. चारवाला वर. तिथेही बरोबरी झाली तर मग सगळ्या मोसमाचा गोलफरक. ‘परक्या मैदानावरचा गोल दुप्पट’ ही सवय असलेल्यांनी सांभाळावं: युरोपीय फुटबॉल संघटना युएफाने तो नियम आपल्या बाद फेऱ्यांतून २०२१ मध्ये काढला, आणि ला लीगाच्या हेड टू हेडमध्ये तो लावत नाहीत.

यातून मोसमभर उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. आपसातले दोन्ही सामने झाले आणि त्यात तुमचा संघ मागे राहिला, की त्या स्पर्धकाशी नुसती बरोबरी साधून चालत नाही, त्याच्यापेक्षा एक गुण जास्तच लागतो. म्हणून अशा लीगमध्ये परतीचा सामना संपल्यासंपल्या तक्त्याच्या समासात एक खूण करून ठेवावी: अमुकशी बरोबरी झाली तर आपण वर, तमुकशी झाली तर खाली. एप्रिल-मेमध्ये हिशेब मांडताना मग पुन्हा जुने निकाल धुंडाळावे लागत नाहीत.

मधल्या काळात तक्ता फसवतो

स्पेनमध्ये नियम हेड टू हेडचा, तरी जानेवारीत तक्ता उघडला तर सारखे गुण असलेले संघ गोलफरकाने लावलेले दिसतात. ही छपाईची चूक नाही. दोन्ही सामने होईपर्यंत हेड टू हेड लागू होत नाही. पहिला सामना एकाच्या घरी झालेला असतो, त्यावर निवाडा कसा करणार? त्यामुळे परतीचा सामना होतो त्या रात्री दोन संघ तक्त्यात अचानक वरखाली होऊ शकतात, गुण सारखेच असूनही.

शिवाय बरीच संकेतस्थळं आणि अ‍ॅप सगळ्या लीगना एकच क्रम लावून टाकतात. स्पेन किंवा इटलीचा तक्ता एखाद्या ठिकाणी गोलफरकानेच लावलेला दिसला आणि मोसम सरत आला असेल, तर लीगचं स्वतःचं संकेतस्थळ बघा. दोन्हीकडे क्रम वेगळा दिसला तर लीगचा खरा.

तिघं अडकले की

खरा घोळ इथे होतो. तीन संघांचे गुण सारखे झाले की लोक जोड्या लावत बसतात: अ ने ब ला हरवलं, म्हणून अ वर. हे चूक आहे. तिघांचा मिळून एक छोटा तक्ता करायचा असतो, ज्यात फक्त या तिघांचे आपसातले सामने.

एक बनवलेलं उदाहरण घेऊ. अ आणि ब यांच्यात अ ने एक सामना जिंकला, एक बरोबरीत सुटला. ब ने क ला दोन्हीदा हरवलं. क ने अ ला दोन्हीदा हरवलं. फक्त अ आणि ब सारख्या गुणांवर असते तर अ चे ४ आणि ब चा १, म्हणजे अ वर. पण क सुद्धा तेवढ्याच गुणांवर आला की छोटा तक्ता असा होतो: ब चे १ अधिक ६ म्हणजे ७, क चे ६, अ चे ४. मघाशी वर असलेला अ आता तिघांत शेवटचा. म्हणजे तिसऱ्या संघाने शेवटच्या दिवशी जिंकणं किंवा हरणं यावर पहिल्या दोघांचा क्रम उलटा होऊ शकतो, त्या दोघांच्या निकालात काडीचा बदल न होता.

याचं सगळ्यात बोलकं खरं उदाहरण लीगमधलं नाही, २००४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेतल्या गटाचं आहे. पण गट म्हणजे छोटी लीगच, आणि हिशेब तोच. गटात इटली, डेन्मार्क, स्वीडन आणि बल्गेरिया. शेवटच्या दिवसाआधी झालेलं असं: इटली-डेन्मार्क ०-०, इटली-स्वीडन १-१, स्वीडनने बल्गेरियाला ५-० आणि डेन्मार्कने २-० हरवलेलं. शिल्लक होते इटली-बल्गेरिया आणि डेन्मार्क-स्वीडन.

इटलीने बल्गेरियाला हरवलं आणि दुसरा सामना बरोबरीत सुटला, तर तिघेही ५ गुणांवर येणार. छोट्या तक्त्यातून बल्गेरिया बाहेर. तिघांचे आपसातले तिन्ही सामने बरोबरीचे, म्हणजे प्रत्येकी २ गुण आणि गोलफरक शून्य. मग बघायचं ते या सामन्यांत केलेले गोल. इटलीचा आकडा १ वर अडकलेला होता, कारण त्यांचे आपसातले दोन्ही सामने होऊन गेले होते. आता डेन्मार्क-स्वीडन किती-कितीने बरोबरीत सुटतो यावर सगळं.

| डेन्मार्क-स्वीडन | स्वीडनचे गोल | डेन्मार्कचे गोल | इटलीचे गोल | परिणाम |
|---|---|---|---|---|
| ०-० | १ | ० | १ | डेन्मार्क बाहेर |
| १-१ | २ | १ | १ | स्वीडन पुढे, उरलेल्या दोघांत पुढची कसोटी |
| २-२ | ३ | २ | १ | इटली बाहेर |

म्हणजे २-२ किंवा त्याहून मोठी बरोबरी झाली की इटली घरी, मग त्यांनी बल्गेरियाला कितीही गोलांनी लोळवो. इटलीची वर्तमानपत्रं आधीपासूनच संशयाने या सामन्याकडे बघत होती. २२ जून २००४ ला पोर्तोमध्ये ८९ व्या मिनिटाला स्वीडनच्या योन्सनने बरोबरी साधली आणि सामना सुटला नेमका २-२. तिकडे कासानोने भरपाई वेळेत गोल करून इटलीला २-१ जिंकवलं आणि आनंदाने धावत बाजूला आला, तेव्हा त्याला दुसरीकडचा निकाल कळला. ठरवून खेळल्याचं काही सिद्ध झालं नाही. पण हेड टू हेडमधली ही फट खरी आहे: ज्याचे आपसातले सामने आधी संपले, त्याच्या हातात काहीच उरत नाही.

तिघांतून एक संघ सुटा झाला आणि दोघे उरले की काय? युएफाच्या नियमांत उरलेल्यांच्या आपसातल्या सामन्यांपासून मोजणी पुन्हा सुरू होते. या नियमाने वरच्या १-१ च्या ओळीत इटली आणि डेन्मार्क यांचा ०-० पुन्हा बघावा लागला असता, आणि त्यातून काही निघत नाही म्हणून मग सगळ्या गटाचा गोलफरक. प्रत्येक लीगची नियमावली इथे सारखं बोलत नाही, तेव्हा तिघांची बरोबरी दिसायला लागली की हे एक वाक्य मुद्दाम शोधून वाचा.

सगळेच्या सगळे सारखे झाले तर छोटा तक्ता म्हणजे मोठाच तक्ता होतो आणि हेड टू हेड निरुपयोगी ठरतं. २०२४ च्या युरोत रोमेनिया, बेल्जियम, स्लोव्हाकिया आणि युक्रेन, गटातल्या चौघांचेही ४ गुण झाले. तिथे शेवटी गोलफरक आणि केलेले गोल यांनीच क्रम लावला.

त्यापुढे

एवढं करूनही न सुटणाऱ्या बरोबऱ्या क्वचितच होतात. बऱ्याच ठिकाणी मग कार्डांचा हिशेब येतो: २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल सगळ्यात सारखे होते, आपसातला सामनाही २-२, आणि जपानला चार पिवळी कार्डं तर सेनेगलला सहा मिळाली होती म्हणून जपान पुढे गेला. प्रीमियर लीगमध्ये गोलफरक आणि गोल दोन्ही सारखे असतील आणि प्रश्न विजेतेपदाचा, पदावनतीचा किंवा युरोपच्या प्रवेशाचा असेल, तरच हेड टू हेड बघतात आणि अगदी शेवटी तटस्थ मैदानावर सामना. इटलीने २०२२-२३ पासून विजेतेपद आणि पदावनतीसाठी सामनाच खेळवायचं ठरवलं, आणि पहिल्याच वर्षी वेळ आली. व्हेरोना आणि स्पेझिया ३१ गुणांवर अडकले, ११ जून २०२३ ला एकच सामना झाला, व्हेरोना ३-१ जिंकून वरच्या श्रेणीत टिकला.

शेवटच्या दिवसाची मांडणी

सामने सुरू होण्याआधी कागदावर प्रत्येक दावेदाराचे तीन शक्य गुण लिहा: हरला तर, बरोबरी झाली तर, जिंकला तर. मग दोघांचे आकडे जिथे जिथे जुळतात तेवढ्याच जागी वर्तुळ काढा. बरोबरीचा नियम फक्त तिथेच लागणार. बाकी सगळीकडे साधे गुण बोलतात.

इंडियन सुपर लीगचा २८ फेब्रुवारी २०२१ चा सामना घ्या. करोनामुळे तो सगळा मोसम गोव्यातच खेळला गेला होता आणि हा सामना होता बांबोळीला. एटीके मोहन बागानचे ४० गुण, मुंबई सिटीचे ३७, आणि साखळीत पहिल्या स्थानाची ढाल व आशियाई चॅम्पियन्स लीगचं तिकीट पणाला. मुंबई हरली तर ३७ विरुद्ध ४३, बरोबरी झाली तर ३८ विरुद्ध ४१. दोन्हीत आकडे जुळत नाहीत, बागान वर. मुंबई जिंकली तरच ४०-४०, म्हणजे वर्तुळ काढायची जागा एकच. तिथे बघायचं आपसातलं: पहिला सामना मुंबईने १-० जिंकला होता, त्यामुळे हाही जिंकला तर दोन्ही लढती मुंबईच्या. किती गोलांनी जिंकायचं हा प्रश्नच उरला नाही. बागानला बरोबरी पुरत होती, मुंबईला कुठलाही विजय. मुंबईने पूर्वार्धातच दोन गोल केले, सामना २-० संपला, आणि गोलफरकातही मुंबई बागानच्या पुढे निघाली होती, म्हणजे नियम दुसरा असता तरी ढाल मुंबईकडेच आली असती.